शेअर घेण्याआधी उधारीचं पान वाचा

नफा सगळेच बघतात, त्यावर शब्द घालवत नाही. बँका आणि फायनान्स कंपन्या इथे धरू नका, त्यांचा हिशोबच निराळा. बीएसईच्या साइटवरून मागच्या पाच वर्षांचे वार्षिक अहवाल उतरवून घ्या. आकडे कन्सॉलिडेटेडच घ्या, नाहीतर उपकंपनीच्या नावावरचं कर्ज दिसत नाही.

आता कॅश फ्लोचं पान. मागच्या खेपेला हेच न वाचता पुढे गेलो आणि पैसे अडकले. त्यात आधी ही ओळ शोधा: धंद्यातून आलेली रोकड. ती नफ्याशेजारी मांडा.

समजा, जालना-परभणीकडच्या कृषी सेवा केंद्रांना पाइप आणि ठिबक पुरवणारी एक कंपनी आहे. विक्री ४०० कोटींवरून ५०० कोटींवर गेली, नफा ४० कोटी. झकास. पण धंद्यातली रोकड उणे १२ कोटी! मग पैसा गेला कुठे? दुकानदारांकडची येणी ९० कोटींवरून १६० कोटींवर गेली, गोदामातला माल १० कोटींनी वाढला. म्हणजे विक्री वहीत झाली, गल्ल्यात आली नाही. येणी भागिले विक्री गुणिले ३६५ करा: उधारी ८२ दिवसांवरून ११७ दिवसांवर गेली. आपल्याकडे सोयाबीन-कापूस विकला की उधारी फिटते. ताळेबंद मात्र ३१ मार्चचा असतो. तोवरही पैसा आला नसेल तर ती नुसती हंगामी उधारी म्हणून सोडू नका. टिपांमध्ये येणी किती जुनी याचा तक्ता असतो. सहा महिन्यांवरची रक्कम वाढतेय का, ते बघाच. सहामाही निकाल बघत असाल तर सप्टेंबरचा आकडा आधीच्या सप्टेंबरशीच ताडा, मार्चशी नाही.

कर्ज याच धाग्याला बांधलेलं आहे. रोकड उणे १२, व्याज भरलं १३, यंत्रांवर ४०. झाले ६५ कोटी, आणि कर्ज ६० वरून बरोबर १२५ वर. दीर्घ आणि अल्प मुदतीचं, दोन्ही मिळवा. नवखे अल्प मुदतीचं विसरतात. व्याज आणि कर वजा करण्याआधीचा नफा ६६ कोटी, म्हणजे व्याजाच्या पाचपट, म्हणून निर्धास्त होऊ नका. तो नफाही वहीतलाच आहे, बँक हप्ता वहीतून घेत नाही. पुन्हा सांगतो, नफा आणि रोकड शेजारी मांडा. एका वर्षाची तूट चालेल, पण तीन वर्षांच्या रोकडीची बेरीज त्याच तीन वर्षांच्या नफ्याच्या निम्मीही नसेल तर तो शेअर सोडा.

मार्जिन: 'इतर उत्पन्न' वगळून काढा, पाच वर्षांचं बघा. पाइपवाल्यांचं पीव्हीसी रेझिनच्या भावावर हलतं, एका चांगल्या वर्षावर भाळू नका. प्रवर्तकांचे शेअर गहाण आहेत का, ते शेअरहोल्डिंगच्या तक्त्यात. ऑडिटरचा शेरा वाचा. आणि येण्यांचा तो तक्ता राहिला असेल तर आधी तो.