ओट्याचा दगड कापायची शेड सुरू करण्याआधी

किचन ओट्याचे दगड कापून, घासून, बसवून देण्याचा धंदा सुरू करताना लोक कटर, चकत्या आणि टेम्पोची यादी करतात. धुळीची तयारी त्या यादीच्या आधी करावी लागते, कारण शेड कशी बांधायची आणि कोणता माल घ्यायचा हे त्यावर ठरतं. एकदा शेड उभी राहिली की मग फक्त मास्क वाटणं उरतं, आणि मास्क हा सगळ्यात कच्चा उपाय आहे.

पहिली गोष्ट, कोणता दगड कापणार ते ठरवा. धुळीतून फुफ्फुसात जाऊन त्रास देते ती स्फटिकी सिलिका. ग्रॅनाइटमध्ये ती साधारण 30 टक्क्यांच्या आसपास असते, संगमरवरात बहुधा फारच कमी. कारखान्यात राळेत बांधून तयार केलेल्या ‘क्वार्ट्झ’च्या पांढऱ्याशुभ्र स्लॅबमध्ये मात्र ती 90 टक्क्यांच्याही वर जाऊ शकते. ग्रॅनाइटच्या धुळीने सिलिकोसिस, म्हणजे सिलिकेच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, व्हायला बहुतेक वेळा दहा वर्षं किंवा जास्त लागतात. क्वार्ट्झ कोरडा कापणाऱ्या तरुण कारागिरांत तो त्याआधीच दिसला आहे. म्हणूनच ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून असा दगड बनवणं, विकणं, कापणं आणि बसवणं यांवर बंदी घातली. आपल्याकडे तशी बंदी नाही, पण तुमच्या शेडपुरता निर्णय तुम्हीच घेऊ शकता. गिऱ्हाईक रंग मागतं. त्या रंगाचा ग्रॅनाइट दाखवून बघा, बरेच लोक तयार होतात. क्वार्ट्झ घ्यायचाच असेल, तर पुरवठादाराकडून सिलिकेचं प्रमाण लिहून घ्या.

दुसरी गोष्ट, गिऱ्हाइकाच्या घरी कापणी बंद करा. सर्वात वाईट धूळ तिथेच होते. बाल्कनीत किंवा बंद स्वयंपाकघरात सिंकचं भोक कोरड्या ग्राइंडरने कापतात. पाणी वापरलं तर फरशीवर राडा होतो म्हणून घरमालक ओरडतो, आणि मिस्त्रीलाही शॉकची भीती असते. यावर उपाय म्हणजे नीट माप. ओटा तयार झाल्यावर पातळ प्लायचा किंवा पुठ्ठ्याचा साचा काढून आणा, सिंक आणि शेगडीची भोकं शेडमध्येच कापा, नळाचं भोकही तिथेच पाडा. जागेवर फक्त बसवणी आणि सांधे भरणं उरलं पाहिजे. साच्यासाठी एक जादा फेरी पडते, ती दरात आधीच धरून ठेवा.

आता पाण्याची सोय. चकती दगडाला जिथे टेकते तिथेच पाणी पडलं पाहिजे. शेजारी उभं राहून बाटलीने शिंपडणारा पोऱ्या ठेवला तर धूळ थांबत नाही, उलट आणखी एकाचं तोंड धुळीत जातं. पाण्याची नळी बसवलेली हत्यारं घ्या, त्यांना गळती होताच वीज तोडणारा 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग द्या, किंवा घासाईसाठी हवेवर चालणारी हत्यारं घ्या. म्हणजे शॉकचं कारण उरत नाही. खाली पडणारा गाळ ओला असतानाच उचला. रात्री वाळला की सकाळी पायाखाली तीच धूळ पुन्हा उडते. तेच पाणी फिरवून वापरणार असाल तर गाळ बसायला टाकी हवी, कारण गढूळ पाण्याच्या तुषारांतूनही बारीक सिलिका हवेत जाते. झाडू आणि कॉम्प्रेसरने कपडे झाडणं दोन्ही बंद. त्यांच्या जागी पाणी मारणं आणि अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम. कडा घासणारा जिथे काम करतो तिथे धूळ खेचणारा हुड लावता आला तर लावाच, कारण त्या कारागिराचं तोंड दगडाच्या सर्वात जवळ असतं.

हे सगळं लावल्यावर हवा मोजून घ्या. डोळ्यांना दिसणारी धूळ ही मोजपट्टी नव्हे. फुफ्फुसात खोलवर जाणारे कण इतके बारीक असतात की स्वच्छ वाटणाऱ्या हवेतही ते असू शकतात. कारागिराच्या कॉलरजवळ फक्त बारीक कण फिल्टरपर्यंत जाऊ देणारा सायक्लोन आणि कमरेला छोटा पंप लावून पूर्ण पाळीचा नमुना घेतात. समजा पंप मिनिटाला 1.7 लिटर हवा ओढतो. 480 मिनिटांत 816 लिटर, म्हणजे 0.816 घनमीटर हवा गेली. फिल्टरवर 0.25 मिलिग्रॅम धूळ भरली, तर हवेत घनमीटरला सुमारे 0.31 मिलिग्रॅम धूळ होती. कारखाने अधिनियम, 1948 ची जागा नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कामगार संहितेने घेतली; त्या अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीतलं सूत्र असं होतं: 10 भागिले (क्वार्ट्झची टक्केवारी अधिक 2). इथे क्वार्ट्झ म्हणजे स्लॅब नव्हे, धुळीतली स्फटिकी सिलिका. धुळीत 30 टक्के क्वार्ट्झ असेल तर मर्यादा 0.31, म्हणजे तुम्ही काठावर. 90 टक्के असेल तर मर्यादा 0.11, म्हणजे तितक्याच धुळीत तुम्ही जवळजवळ तिपटीवर. टक्केवारी स्लॅबच्या कागदावरची धरू नका, फिल्टरवरच्या धुळीची प्रयोगशाळेतून काढून घ्या. काठावरचा आकडाही समाधानाचा नाही. 0.31 चे 30 टक्के म्हणजे 0.09 मिलिग्रॅम सिलिका, आणि अमेरिकेने 2016 च्या नियमात आठ तासांसाठी 0.05 ही मर्यादा ठेवली आहे.

मास्क यानंतर येतो. रुमाल आणि निळा सर्जिकल मास्क यादीतून काढून टाका. आयएस 9473 प्रमाणे एफएफपी 2 किंवा त्यावरचा घ्या. नीट बसला तर असा मास्क धूळ दहापटीने कमी करतो असं धरून चालतात, त्याहून जास्त नाही. कोरड्या कापणीत धूळ मर्यादेच्या चाळीसपट असेल, तर मास्कच्या आत ती चौपट उरते. दाढीच्या खुंटांवर तो बसतच नाही. म्हणून रोज सकाळी कडेने हवा गळते का ते बघणं कामाचा भाग करा.

तपासण्यांची तयारी कामगार रुजू होण्याआधी करायची. त्याने आधी कुठे, कोणता दगड, किती वर्षं आणि कोरडा की ओला कापला, हे लिहून घ्या. मग छातीचा एक्स-रे आणि फुंकणीची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री. एक्स-रे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या, म्हणजे आयएलओच्या, प्रमाण फिल्म शेजारी लावून वाचणारा डॉक्टर शोधा, नुसता ‘नॉर्मल’ असा रिपोर्ट पुरत नाही. सुरुवातीचे बारीक गोल ठिपके फुफ्फुसाच्या वरच्या भागात दिसतात, तेव्हा माणसाला दम लागत नसतो आणि फुंकणीही ठीक येते. क्वार्ट्झवाल्या कारागिरांत साधा एक्स-रे आजार चुकवू शकतो, म्हणून तिथे सीटी स्कॅनबद्दल डॉक्टरांशी बोला. या तपासण्या दरवर्षी मालकाच्या खर्चाने करा आणि जुन्या फिल्म जपून ठेवा, कारण बदल तुलनेतूनच कळतो.

क्षयाचा भाग वेगळा सांगतो. फुफ्फुसाच्या वरच्या भागातले सिलिकोसिसचे डाग पाहून अनेकांना थेट टीबीची औषधं सुरू होतात. उलटही खरं आहे: सिलिका शरीरात गेलेल्या माणसाला टीबी होण्याचा धोका खरोखरच वाढतो. त्यामुळे डॉक्टरांना ‘हा दगड कापतो’ हे चिठ्ठीवर लिहून द्या आणि थुंकीत टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी मागा. दोन्ही आजार एकत्रही असू शकतात.

एखाद्या कामगाराच्या एक्स-रेत ठिपके निघाले तर त्याला धुळीपासून पूर्ण बाजूला घ्या: माप, साचा, हिशोब किंवा गाडीचं काम द्या, पगार तोच ठेवून. पहिल्याच माणसाला काढून टाकलंत तर पुढच्या वर्षी खोकला कोणी सांगणार नाही. सिलिकोसिस हा कळवावा लागणारा आजार आहे, डॉक्टरकडून तो सरकारी मुख्य निरीक्षकांकडे गेला पाहिजे, आणि कर्मचाऱ्यांच्या भरपाईच्या कायद्यात तो व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. आजार सापडलेल्या माणसाच्या शेजारी काम करणाऱ्या सगळ्यांची तपासणी त्याच आठवड्यात लावा आणि हवा पुन्हा मोजा, कारण एक रुग्ण म्हणजे पाणी किंवा हुड कुठेतरी कमी पडत असू शकतो.

कारागीर गावी परत जातात, शेड बदलतात. निघताना त्यांच्या हातात एक्स-रेची प्रत आणि किती वर्षं काय कापलं याचं पत्र द्या. धुळीपासून दूर गेल्यावरही हा आजार वाढू शकतो, म्हणून सोडून गेलेल्यांचे फोन नंबर वहीत ठेवा आणि वर्षाच्या तपासणीच्या वेळी त्यांनाही बोलवा.