‘अखेर’ खोडला, मग पोस्ट टाकली

पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत चार वर्षं टेस्टिंग केलं आणि मग नोकरी बदलली. ऑफर लेटर आलं त्याच रात्री लिंक्डइनसाठी पोस्ट लिहून ठेवली:

“अखेर मनासारखी संधी मिळाली! मुलाखतीच्या पाच फेऱ्या पार करून एका नामांकित कंपनीत सीनियर टेस्ट इंजिनिअर म्हणून रुजू होतोय. कष्टाचं चीज झालं.”

ताई एचआरमध्ये आहे, तिला दाखवली. तिने पहिल्याच शब्दावर बोट ठेवलं. “अखेर म्हणजे? चार वर्षं तुरुंगात होतास का?” जुनी टीम हे वाचणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ‘नामांकित’ म्हटलं की आधीची कंपनी आपोआप किरकोळ ठरते. आणि पाच फेऱ्यांचं कौतुक चौथ्या फेरीत बाहेर पडलेलाही वाचतो.

मग तिने विचारलं, “रिलीव्हिंग लेटर हातात आलं?” कुठलं काय, नोटीस पीरियडचे दोन महिने बाकी होते. जुन्या कंपनीचा हिशोब व्हायचा होता, नव्या कंपनीची कागदपत्रांची पडताळणी चालू होती. त्यात काही अडकलं असतं, तर केलेली घोषणा गिळावी लागली असती. म्हणून रुजू होऊन दोन आठवडे झाल्यावरच पोस्ट टाकायची ठरवली. प्रोफाइलमध्ये नवीन पद भरताना Notify network बंद ठेवलं. नाहीतर आपण तोंड उघडायच्या आत बातमी फुटते.

पोस्टच्या आदल्या दिवशी दोन फोन केले. एक जुन्या टीम लीडला, दुसरा नव्या ठिकाणी माझं नाव सुचवणाऱ्या मित्राला. लीडला विचारलं, “पोस्टमध्ये तुमचा उल्लेख केला तर चालेल ना?” ते हसून हो म्हणाले.

शेवटी गेलेली पोस्ट अशी:

“या महिन्यात मी सीनियर टेस्ट इंजिनिअर म्हणून नवीन काम सुरू केलं. आधीच्या कंपनीत चार वर्षं होतो. डेव्हलपरला फोन करून विचारावं लागणार नाही, असा बग रिपोर्ट लिहायला तिथल्या माझ्या लीडने शिकवलं. माझे पहिले कित्येक रिपोर्ट त्यांनी परत पाठवले होते. आता पेमेंटच्या ऑटोमेशन टेस्टिंगवर काम करतोय. या कामात नवीन असणाऱ्यांनी जरूर मेसेज करावा.”

पगार नाही, क्लायंटचं नाव नाही. ते तर करारानेच बंद होतं. ‘सगळ्यांचे मनःपूर्वक आभार’ हेही काढलं, कारण सगळ्यांचे आभार कुणालाच पोचत नाहीत. एक माणूस आणि त्याने शिकवलेली एक गोष्ट लिहिली की कृतज्ञता खरी वाटते.

जुनी जागा खरोखरच वाईट असेल तर? माझ्या मते तिथे काय काम केलं आणि किती वर्षं, एवढंच लिहावं. टोमणा नको आणि खोटे आभारही नकोत. आतल्या लोकांना दोन्ही लगेच कळतात.

पोस्टखाली पहिली कमेंट लीडचीच होती: “रिपोर्ट अजूनही लांबच लिहितोस.”