शब्दांविना प्रवास: चार क्लिप्स जोडणारे प्रॉम्प्ट

मजकुरावरून व्हिडिओ बनवणारी साधनं बहुधा काही सेकंदांचीच क्लिप देतात, आणि वेगळा प्रॉम्प्ट दिला की आधीची क्लिप त्यांच्या लक्षात नसते. म्हणून सुंदर दृश्यं सुचण्याआधी सांधे ठरवा. पहिली क्लिप कोणत्या चित्रावर संपते आणि दुसरी कशावर उघडते, एवढं आधी कागदावर लिहा.

मग एक कायमची ओळ तयार करा आणि ती प्रत्येक प्रॉम्प्टच्या सुरुवातीला अक्षरशः तशीच चिकटवा: ‘पिवळा रेनकोट घातलेली प्रवासी, पाठमोरी, सौम्य रंग, फिल्मसारखा बारीक दाणा.’ पाठमोरी मुद्दाम, कारण चेहरा प्रत्येक क्लिपमध्ये थोडा बदलतो आणि तेवढ्यानंच माणूस दुसराच वाटतो. रेनकोट मात्र ओळखू येतो.

या ओळीपुढे आता एक प्रवास लिहू.

१. ‘पहाट, रेल्वेची खिडकी, डावीकडून निळसर उजेड. बाहेरची शेतं उजवीकडून डावीकडे सरकतात. कॅमेरा स्थिर. शेवटी गाडी बोगद्यात शिरते, चौकट पूर्ण काळी.’

२. ‘काळ्या चौकटीतून सुरुवात. बोगद्याचं तोंड उजळतं, समोर समुद्र, भर दुपार, आखूड सावल्या. कॅमेरा हळू पुढे जातो, शेवटी वर वळतो; चौकटीत फक्त पांढरं आकाश.’

३. ‘चौकटभर पांढरा पडदा वाऱ्यानं हलतो, बाजूला होतो. खिडकीत संध्याकाळचा केशरी सूर्य, चौकटीच्या एक तृतीयांश उंचीचा, बरोबर मध्यभागी. कॅमेरा स्थिर.’

४. ‘बरोबर मध्यभागी केशरी गोल दिवा, चौकटीच्या एक तृतीयांश उंचीचा. कॅमेरा सावकाश मागे येतो, दिव्याखाली प्रवासी बसलेली दिसते. बाकी अंधार.’

इथे ‘ट्रान्झिशन’ हा शब्द कुठेच नाही, कारण तो लिहिला की साधन बऱ्याचदा एकाच क्लिपमध्ये दोन दृश्यं कालवतं. काळ्यावरून काळं, पांढऱ्यावरून पांढरं, गोलावरून गोल: एडिटिंगमध्ये साधा कट पुरतो. तिसऱ्याचा सूर्य आणि चौथ्याचा दिवा नुसत्या शब्दांनी जुळत नसेल, तर तिसऱ्या क्लिपची शेवटची फ्रेम चित्र म्हणून काढा आणि साधनात सोय असेल तर ती चौथीची पहिली फ्रेम म्हणून द्या.

एका क्लिपला कॅमेऱ्याची एकच हालचाल ठेवा. अपवाद दुसरी, तिथं वळण शेवटच्या क्षणी येतं, पण ते घाईत उरकलं गेलं तर क्लिप दोन तुकड्यांत बनवा. कडा वितळल्यासारख्या दिसल्या तर वेग कमी करा.

‘उदास’, ‘हुरहूर’ असले शब्द लिहू नका. त्यातून सरधोपट धुकं मिळतं. मूड उजेडातून येऊ द्या. वर निळसर, पांढरा, केशरी आणि शेवटी एकटा दिवा हा क्रम तेच काम करतो. फलक आणि दुकानं चौकटीबाहेर ठेवा, नाहीतर विद्रूप अक्षरं उगवतात. साधन आवाजही बनवत असेल, तर ‘फक्त गाडीचा खडखडाट’ असं नेमकं लिहा, म्हणजे कुणी मध्येच बोलायला लागण्याची शक्यता कमी होते.