युएक्स रिसर्चची समरी लिहिताना या चुका टाळा: कांदा भावाच्या ऍपचं उदाहरण

रिसर्च मनापासून केलेला असतो, उन्हातान्हात मार्केट यार्डात उभं राहून शेतकऱ्यांशी बोललेलं असतं, आणि मग समरी अशी लिहिली जाते की प्रॉडक्ट मॅनेजर वाचतो, छान झालंय म्हणतो आणि स्क्रीन जशीच्या तशी राहते. नाशकात ज्युनियर रिसर्चर्सच्या समऱ्या माझ्याकडे तपासायला येतात, त्यात त्याच त्याच चुका दिसतात, म्हणून एकच प्रोजेक्ट धरून सांगते.

ऍप साधं होतं. जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे कांद्याचे रोजचे दर दाखवायचं, होम स्क्रीनवर मोठ्ठा आकडा सरासरी दराचा, आणि दुपारी एक नोटिफिकेशन. लोक ऍप टाकायचे, थोडे दिवस बघायचे आणि सोडून द्यायचे. टीमचा अंदाज होता की महिन्याभराचा ग्राफ नाही म्हणून असं होतंय, आणि ग्राफचं काम सुरू करायचं जवळपास ठरलेलंच होतं. त्याआधी निफाड, येवला, चांदवड तालुक्यातल्या ८ कांदा उत्पादकांसोबत रिसर्च झाला.

पहिल्या ड्राफ्टमध्ये पद्धतीच्या जागी एवढंच होतं: "युजर इंटरव्ह्यू आणि युजेबिलिटी टेस्टिंग केलं." आता यातून वाचणाऱ्याला काय कळणार? कुठल्या प्रश्नासाठी कुठली पद्धत वापरली ते लिहा. इथे इंटरव्ह्यू घेतले ते "माल कधी आणि कुठे न्यायचा हे कसं ठरवता" हे समजायला, शेवटच्या विक्रीबद्दल विचारून, कारण "साधारण काय करता" असं विचारलं की माणूस काय करायला पाहिजे ते सांगतो. आणि युजेबिलिटी टेस्ट होती ती आजचा दर सापडतो का आणि बघून त्याचा अर्थ काय लावतात यासाठी, ती यार्डातच घेतली आणि ज्याच्या त्याच्या फोनवर घेतली, म्हणजे ऊन स्क्रीनवर पडलेलं, काच तडकलेली, शेजारी ट्रॅक्टर चालू. हे लिहिणं गरजेचं आहे कारण फिका राखाडी मजकूर कोणालाच वाचता आला नाही हे फाइंडिंग ऑफिसच्या एसी रूममध्ये आलंच नसतं. आणि कोण सुटलं तेही लिहा. सगळे जण यार्डात भेटलेले, म्हणजे जे खळ्यावरच व्यापाऱ्याला माल देतात ते यात नाहीत, आणि घरी चाळीतला कांदा निवडणाऱ्या बायकाही नाहीत. दोन ओळी लागतात याला, पण त्या नसल्या की फाइंडिंग "सगळ्या शेतकऱ्यांचं" होऊन बसतं.

यानंतरची चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात जास्त नुकसान करते. ८ पैकी ६ जणांनी सरासरी दर बघून त्यावर विश्वास नाही असं सांगितलं, आणि समरीत लिहिलं गेलं "७५% शेतकऱ्यांचा विश्वास नाही". गणित चुकलेलं नाही, पण ८ माणसांवरून टक्केवारी काढली तर ९५% कॉन्फिडन्स इंटरव्हल साधारण ४०% ते ९३% एवढा पसरतो, म्हणजे खरा आकडा निम्म्याहून कमी असू शकतो किंवा जवळपास सगळेच असू शकतात. मिटिंगमध्ये मात्र ७५ हाच आकडा लक्षात राहतो आणि पुढच्या प्रेझेंटेशनमध्ये जातो. सरळ "८ पैकी ६" लिहा आणि ते सहा जण का म्हणाले ते लिहा.

यावर "पाच युजर्स पुरतात ना" असं कोणीतरी म्हणतंच. ते येतं नीलसन आणि लँडाउअर यांच्या १९९३ च्या कामावरून, पण तिथे गृहीत असं आहे की एक अडचण एका युजरला सापडण्याची शक्यता सरासरी ३१% आहे, तेव्हा पाच जणांत सुमारे ८५% अडचणी दिसतात. अडचण दहात एकालाच येणारी असेल तर पाच जणांत ती दिसण्याची शक्यता ४१% च्या आसपास. आणि हे सगळं अडचणी शोधण्याबद्दल आहे, किती लोकांना काय वाटतं हे मोजण्याबद्दल नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे बोललेलं, दिसलेलं आणि आपण लावलेला अर्थ एकाच वाक्यात कालवू नका. एका भाऊंच्या सेशनची नोट बघा. ते म्हणाले, "ऍप चांगलंय." मग होम स्क्रीनवरची सरासरी बघितली, ऍप बंद केलं, व्हॉट्सऍप उघडलं आणि गावच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलेला ट्रॉलीतल्या कांद्याचा फोटो झूम करून बघितला, खाली त्या ट्रॉलीला मिळालेला भाव लिहिलेला. विचारल्यावर म्हणाले, "सरासरीत गोल्टीपण आली अन् सुपर मालपण आला, माझ्या मालाला काय लागंल ते यात कुठंय?" ड्राफ्टमधलं फाइंडिंग होतं: "युजर्सना ऍप आवडतं पण ते व्हॉट्सऍप पसंत करतात." यातून टीम काय करणार, शेअर बटण देणार! खरं फाइंडिंग असं की भाव मालाच्या प्रतीशी जोडून बघितला जातो आणि नुसता सरासरी आकडा स्वतःच्या मालाला लावता येत नाही. बोलले काय, केलं काय, आणि त्यावरून आपण काय समजलो, या तीन ओळी वेगळ्या ठेवल्या तर हा घोळ स्वतःलाच दिसतो.

आता निर्णयांचा भाग. इथे लोक "युआय सुधारला" असं लिहून मोकळे होतात. आधी काय होतं, कुठल्या फाइंडिंगमुळे बदललं आणि नंतर काय झालं, हे एका दमात यायला पाहिजे. या प्रोजेक्टमध्ये ग्राफचं काम पुढे ढकललं, कारण आठापैकी कोणीही मागचा महिना बघून माल भरत नव्हतं. सरासरीचा मोठा आकडा काढून किमान, सर्वसाधारण आणि कमाल असे तिन्ही दर सारख्या आकारात आले आणि सोबत आवक. प्रतवारीनुसार दर द्यावेत असं रिसर्चचं म्हणणं होतं, पण समित्यांकडून ऍपला हेच तीन आकडे मिळत होते, त्यामुळे तो मार्ग बंद होता, मग यार्डातला ऍपचा माणूस सर्वसाधारण दराच्या आसपास गेलेल्या एका ट्रॉलीचा फोटो टाकतो असं ठरलं. हा अडथळा समरीत लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी नवीन माणूस येऊन प्रतवारीची आयडिया परत मांडतो. आणि नोटिफिकेशन दुपारवरून संध्याकाळी गेलं, कारण उद्या माल न्यायचा की नाही हे आदल्या संध्याकाळी कांदा निवडताना, भरताना ठरतं, दुपारी माणूस एकतर यार्डात असतो नाहीतर शेतात.

इथे एक लबाडी नकळत होते. फिकट अक्षरं गडद करायचं तिकीट डिझायनरने रिसर्चच्या आधीच टाकलेलं होतं, तरी ड्राफ्टमध्ये ते "रिसर्चमुळे झालेला बदल" म्हणून आलं. तिकिटाची तारीख आणि सेशनची तारीख शेजारी ठेवून बघा. आधीच ठरलेलं असेल तर "रिसर्चने दुजोरा दिला" असं लिहा, त्यात कमीपणा काहीच नाही.

परिणाम लिहिताना तर अजून जपून. नोटिफिकेशन उघडण्याचं प्रमाण वाढलं, पण कांद्याचा भाव हलला की सगळेच ऍप जास्त उघडतात. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४०% शुल्क लागलं आणि जिल्ह्यातले लिलाव काही दिवस बंद पडले, तसल्या आठवड्यातला आकडा आधीच्या शांत आठवड्याशी लावला तर डिझाईनला फुकटचं श्रेय मिळतं किंवा फुकटचा दोष. त्यापेक्षा काही युजर्सना जुनी वेळ तशीच ठेवून दोन्ही गट त्याच दिवसांत बघा, आणि ते जमलं नसेल तर त्या काळात बाजारात काय चाललं होतं ते आकड्याच्या शेजारीच लिहा.