नाशिकच्या गच्चीवरून भूस्थिर उपग्रह आणि निम्न कक्षेतील उपग्रह यांतील फरक कसा पडताळावा

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या सुरुवातीला सलग तीन-चार दिवस, सकाळी अकराच्या थोडे आधी, आमच्या दूरचित्रवाणीवरील चित्र काही मिनिटे फुटत असे आणि आपोआप पूर्ववत होत असे. दुरुस्तीला आलेल्या माणसाने केबल बदलली आणि पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी त्याच सुमारास गच्चीवर गेलो, तेव्हा छत्रीवरून परावर्तित झालेले ऊन समोरच्या दांड्यावरील, संदेश टिपणाऱ्या एलएनबीवर नेमके पडलेले दिसले. सूर्य त्या वेळी नेमका उपग्रहाच्या पाठीमागे आलेला होता आणि त्याच्या रेडिओलहरींच्या गोंगाटात उपग्रहाचा क्षीण संदेश बुडत होता. भूस्थिर उपग्रह आकाशात एकाच जागी असतो, याचा याहून स्पष्ट पुरावा घरबसल्या मिळणार नाही.

प्रथम ती जागा शोधून काढावी. डीडी फ्री डिश ज्या जीसॅट-15 वरून येते, तो उपग्रह विषुववृत्तावर 93.5 अंश पूर्व रेखांशाच्या वर आहे. नाशिक सुमारे 20 अंश उत्तर अक्षांश आणि 73.8 अंश पूर्व रेखांशावर असल्यामुळे इथून तो जवळजवळ नेमक्या आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजल्यास 134 अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे 57 ते 58 अंश उंचीवर येतो. मोबाइलमधील होकायंत्र छत्रीच्या लोखंडी खांबापासून चार-पाच पावले दूर धरावे, नाहीतर ते चुकीची दिशा दाखवते. छत्री स्वतः मात्र इतकी वर पाहताना दिसत नाही, बरीच उभी वाटते. याचे कारण असे की घरगुती छत्रीत एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असते आणि वरून येणारे किरण तिरपे परावर्तित होऊन तिच्यापर्यंत पोहोचतात. आग्नेयेला सहा मीटरवर आंब्याचे झाड असेल, तर त्याचा शेंडा छत्रीपेक्षा साधारण नऊ मीटर उंच जाईपर्यंत अडचण येत नाही.

सूर्याची खूणगाठही नोंदवून ठेवावी. नाशिकहून हा उपग्रह आकाशीय विषुववृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीचे विषुववृत्त आकाशात वाढवल्यावर मिळणाऱ्या रेषेच्या, सुमारे साडेतीन अंश दक्षिणेला दिसतो, म्हणून सूर्य त्याच्यामागे वर्षातून दोनदा येतो: 12 मार्चच्या आसपास सकाळी सव्वाअकराला आणि 2 ऑक्टोबरच्या आसपास दहा वाजून पन्नास मिनिटांच्या सुमारास. या दिवसांच्या आगेमागे, याच वेळी आणि काही मिनिटांपुरतेच चित्र जात असेल, तर कोणालाही बोलावू नये. पावसात जाणारे चित्र मात्र वेळ पाळत नाही, आणि सैल झालेल्या जोडणीचे तर दिवसभर सुरूच राहते.

आता दुसऱ्या प्रकारचा, निम्न कक्षेतील उपग्रह पाहावा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे 420 किलोमीटर उंचीवरून फिरते आणि सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयापूर्वी, आपल्याकडे अंधार असताना पण त्याच्यावर अजून ऊन असताना, ठळक ताऱ्यासारखे दिसते. त्याच्या वेळा सांगणाऱ्या ॲपमध्ये नाशिक निवडून डोक्यावरून जाणारी संध्याकाळ गाठावी. गंगापूर धरणाच्या काठावरून आकाश चांगले मोकळे मिळते, पण एवढ्या ठळक बिंदूसाठी शहरातील गच्चीही पुरते. हात पूर्ण लांब करून मूठ आकाशावर धरल्यास तिची रुंदी साधारण दहा अंश भरते. स्थानक माथ्याजवळ आले की ते एका मुठीची रुंदी किती सेकंदांत ओलांडते ते मोजावे. उत्तर दहा सेकंदांच्या आसपास येते. 420 किलोमीटर अंतरावर दहा अंश म्हणजे सुमारे 73 किलोमीटर, म्हणजे वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या घरात निघतो. प्रत्यक्ष वेग 7.66 किलोमीटर आहे. मूठ आणि घड्याळ एवढ्याच साधनांनी इतके जवळचे उत्तर मिळते, याचा मला आजही आनंद होतो.

या वेगाचे कारण पडण्यात आहे. 420 किलोमीटरवर गुरुत्वाकर्षण संपत नाही. ते जमिनीवरच्या तुलनेत फार तर बारा टक्क्यांनी कमी होते. तेथील वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे 4.3 मीटर खाली पडते. त्याच सेकंदात ती 7.66 किलोमीटर पुढे सरकली, तर तिच्या खालची पृथ्वीची गोलाईही नेमकी तेवढीच खाली वळलेली असते, म्हणून ती पडत राहूनही जमिनीला टेकत नाही. भूस्थिर उपग्रह 35,786 किलोमीटर उंचीवर असल्यामुळे तेथील ओढ इतकी क्षीण असते की तो सेकंदाला जेमतेम अकरा सेंटिमीटर पडतो आणि 3.07 किलोमीटरचा वेग त्याला पुरतो. खालून स्थिर दिसणारा हा उपग्रहही धावतच असतो.

आता फेरीचा काळ काढून पाहावा. पृथ्वीच्या केंद्रापासून स्थानक सुमारे 6,790 किलोमीटरवर आणि भूस्थिर उपग्रह 42,164 किलोमीटरवर आहे; दुसरे अंतर पहिल्याच्या 6.21 पट आहे. केपलरच्या नियमानुसार फेरीचा काळ या पटीच्या घनाच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे सुमारे साडेपंधरा पटीने. स्थानकाला एका फेरीस जवळपास 93 मिनिटे लागतात. त्याच्या साडेपंधरा पट म्हणजे 24 तासांच्या आसपास, आणि नेमके गणित केल्यास 23 तास 56 मिनिटे. पृथ्वीला ताऱ्यांच्या संदर्भात स्वतःभोवती फिरायला एवढाच वेळ लागतो. म्हणून उपग्रह पृथ्वीबरोबर पावलाला पाऊल लावून फिरतो, आणि छत्री एकदा रोखली की पुन्हा हलवावी लागत नाही. स्थानकाच्या एका फेरीत मात्र पृथ्वी 23 अंशांनी पूर्वेकडे वळलेली असते, त्यामुळे आत्ता आपल्या माथ्यावरून गेलेले स्थानक पुढच्या फेरीत बरेच पश्चिमेकडून जाते आणि क्षितिजालगत दिसते किंवा दिसतच नाही.

केवळ फेरीचा काळ जुळून भागत नाही. नाशिकच्याच माथ्यावर उपग्रह टांगता येईल का, असा प्रश्न मुले हमखास विचारतात. प्रत्येक कक्षेचे प्रतल पृथ्वीच्या केंद्रातून जावे लागते, म्हणून 20 अंश उत्तरेला जाणारा उपग्रह त्याच फेरीत 20 अंश दक्षिणेलाही उतरणारच, आणि खालून पाहणाऱ्याला त्याचा मार्ग इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दिसतो. स्थिर राहायचे तर विषुववृत्ताला पर्याय नाही. तिथेही सूर्य-चंद्राची ओढ कक्षा दर वर्षी जवळजवळ एक अंशाने कलवू पाहते आणि छोट्या इंजिनांनी ती सतत सावरावी लागते.

या इंजिनांचे इंधन संपत आले की उपग्रहाला सुमारे 300 किलोमीटर वर नेऊन सोडतात. तेवढ्या बदलाने त्याची फेरी जवळपास पाव तासाने लांबते आणि तो पृथ्वीच्या मागे पडून दिवसाला चार अंशांहून थोडा कमी पश्चिमेकडे सरकू लागतो. 93.5 अंशांवरून असा सोडलेला उपग्रह पाचच दिवसांत नाशिकच्या रेखांशावर, म्हणजे आपल्या ठीक दक्षिणेला येईल आणि तिथेही न थांबता पुढे सरकत राहील.