भाषण आजच्या बोलीत आणताना ‘आपण’ हलवू नका

२५ नोव्हेंबर १९४९ला बाबासाहेबांनी संविधान सभेत केलेल्या भाषणातला विसंगतीचा उतारा आमच्या बीडकडच्या पोरांना आजच्या बोलीत आणायला दिला होता. एकाने सुरुवात झकास केली: ‘मतदानाच्या दिवशी मालकाचं बटण अन् सालगड्याचं बटण सारखंच. बाहेर आलं की एक खुर्चीवर, दुसरा उंबऱ्याबाहेर.’ राजकारणात समता, सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हे दोन्ही त्यात आलं.

पुढे मात्र त्याने लिहिलं, ‘सरकारने हे लवकर थांबवावं.’ तिथे भाषण मेलं. मुळात बाबासाहेब ‘आपण’ म्हणतात आणि विचारतात: किती दिवस? लगेच पुन्हा: किती दिवस? दोष ऐकणाऱ्याच्याही पदरात पडतो. ‘सरकार’ आलं की ऐकणारा सुटतो, आणि प्रश्नाची सूचना झाली की तो बोचत नाही.

म्हणून शब्द बदलण्याआधी मूळ उताऱ्यात कर्ता, प्रश्न आणि ‘नाहीतर’ यांवर पेन्सिलने गोल करा. गोल केलेलं हलवायचं नाही, बाकी खुशाल बदला. पोराने सुधारून लिहिलं: ‘किती दिवस असं दुतोंडी जगायचं आपण? किती दिवस नाही म्हणायचं बरोबरीला? नाहीतर ज्यांनी सोसलं तेच हा डोलारा उडवून देतील.’

शेवटचं वाक्य मवाळ करायचा मोह होतो, विशेषतः कार्यक्रमाला पाहुणे असले की. पण मूळ इशारा तेवढाच कडक आहे.