या चुका टाळा : निवेदनातला ‘नाही’ शेवटच्या शब्दापर्यंत राखून ठेवू नका

इंदूरच्या रामबाग परिसरातील एका मंडळाच्या उत्सवात मी ध्वनिक्षेपकावरून सांगितले होते, “सर्व रसिकांना कळविण्यात येते की, आज सायंकाळी सात वाजता होणारा अभंगगायनाचा कार्यक्रम मंडपात पाणी साचल्यामुळे होणार नाही.” साडेसहाला मंडप भरू लागला. लोकांनी ‘आज, सात वाजता, अभंगगायन’ एवढे ऐकले आणि ते पुन्हा गप्पांकडे वळले. ‘नाही’ हा एकच कामाचा शब्द गलक्यात बुडाला.

मराठीत क्रियापद आणि नकार सहसा वाक्याच्या शेवटी येतात, त्यामुळे कागदावर निर्दोष असलेले वाक्य कानाला फसवू शकते. वाचणारा मागे जाऊन पुन्हा पाहतो; ऐकणाऱ्याला ती सोय नसते. क्रियापद ओढून पुढे आणणे हा यावरचा उपाय नव्हे. “रद्द झाला आहे आजचा कार्यक्रम” असे म्हटले तर ते नाटकी वाटते, शिवाय लोकांचे लक्ष वळेपर्यंत ‘रद्द’ निघून गेलेला असतो. विषय दोन-तीन शब्दांत सांगून त्याला लागूनच निर्णय सांगावा, म्हणजे वाक्याचा शेवटच लवकर येतो: “आजचे अभंगगायन रद्द झाले आहे. ते उद्या सायंकाळी सात वाजता याच मंडपात होईल. आज मंडपात पाणी साचले आहे.”

दुसरी चूक ‘-मुळे’ या शब्दयोगी अव्ययाची आहे. “पाणी साचल्यामुळे” म्हटले की कारण आपोआप निर्णयाच्या आधी येऊन बसते, आणि दोन-तीन कारणे असली तर श्रोता त्यांतच अडकतो. “रद्द झाले आहे, कारण पाणी साचले आहे” या रचनेत निर्णय आधी कानावर पडतो. ‘कळविण्यात येते की’ हे शब्द मात्र सरळ गाळावेत. लक्ष वेधण्यासाठी “मंडळी, इकडे लक्ष द्या” एवढे पुरते, आणि त्यानंतर क्षणभर थांबावे.

सूचना थोड्याच लोकांसाठी असेल, तर मात्र ती कोणासाठी आहे हेच आधी आले पाहिजे. “प्रसाद मागच्या दाराशी घ्यावा, ही सूचना फक्त ज्येष्ठांसाठी आहे,” असे म्हटले तर दुसरा अर्धा भाग येईपर्यंत निम्मा मंडप उठलेला असतो. तेथे “ज्येष्ठांनी प्रसाद मागच्या दाराशी घ्यावा” हेच योग्य.

निवेदन तपासण्यासाठी मी आता प्रत्येक वाक्याचे पहिले पाच शब्दच घरात कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवतो आणि काय समजले ते विचारतो. जुन्या निवेदनाचे पाच शब्द ऐकून सौ. म्हणाली, “काहीतरी कळवायचंय तुम्हाला.” नव्याचे ऐकून तिने विचारले, “मग कधी आहे?” त्याचे उत्तर दुसऱ्या वाक्यात होतेच.